राजीनामा डिक्रीचा सारांश कसा लिहायचा : कोणी काय सोडलं आणि उरलेलं वसूल कसं होईल

इंदौरच्या कोर्टात भावाबहिणींचा वाद मिटला की त्याचा कागद पुण्याला किंवा नाशिकला राहणाऱ्या एका भावाच्या मोबाईलवर जातो, आणि अर्ध्या तासात त्याचा फोन येतो : "अहो, इथे राजीनामा लिहिलंय. कोणी दिला राजीनामा?" महाराष्ट्रातल्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. मध्य प्रदेशातल्या कोर्टात राजीनामा म्हणजे तडजोड. मी इथल्या दिवाणी वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं अशा डिक्र्यांचे मराठी सारांश केले आहेत, आणि नव्या मुलामुलींना ते शिकवतेही. चुका बहुतेक दोनच जागी होतात. एक म्हणजे कोणी काय सोडलं हे डिक्रीतच शोधायला जातात, आणि ते तिथे लिहिलेलं नसतं. दुसरी म्हणजे सगळी डिक्री एका दमात "अंमलात आणता येईल" असं लिहून टाकतात, आणि प्रत्यक्षात प्रत्येक कलमाचा रस्ता वेगळा असतो आणि मुदतही वेगळी.

आधी कागद, मग पेन

डिक्रीची एकटी प्रत घेऊन बसू नका. पाच कागद हवेत : वादपत्र, दोन्ही प्रतिवादींचे जवाबदावे, तडजोडीचा सह्या केलेला अर्ज, त्या तारखेची आदेश पत्रिका, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद, आणि शेवटी डिक्री. सगळ्यांची प्रमाणित प्रतिलिपी, म्हणजे नकल, काढायची. फोनवर आलेल्या फोटोवरून काम करू नये. त्यात पान उलटं असतं, शेवटची ओळ कापलेली असते, आणि नेमकी तीच व्याजाची ओळ असते.

काही शब्द आधीच जुळवून ठेवा. व्यवहार वाद म्हणजे दिवाणी दावा, आज्ञप्ति किंवा डिक्री म्हणजे हुकूमनामा, निष्पादन म्हणजे हुकूमनामा अंमलात आणायची कारवाई, आपण जिला दरखास्त म्हणतो ती, आणि निर्णीत ऋणी म्हणजे ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा झाला तो माणूस. सारांश मराठीत लिहा, पण ज्या शब्दावर पैसा किंवा तारीख टांगलेली आहे तो मूळ हिंदीत, अवतरणात ठेवा. का, ते पुढे व्याजाच्या कलमाशी दिसेल.

तडजोडीचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३, नियम ३ खाली होतो. ती लेखी हवी, पक्षकारांच्या सह्या हव्यात, आणि कायदेशीर असल्याची कोर्टाची खात्री पटायला हवी. मग कोर्ट ती नोंदवून त्याप्रमाणे डिक्री देतं. पक्षकारांत कोणी अज्ञान असेल तर त्याच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची परवानगी लागते. ती आदेश पत्रिकेत दिसली नाही तर सारांशाच्या पहिल्याच ओळीत तसं लिहा, कारण नंतर ते मूल ही तडजोड नाकारू शकतं.

प्रकरण

समजावण्यासाठी एक प्रकरण बांधून घेते. नावं नाहीत, पण अशी घरं रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर कुठेही सापडतील. वडिलांचं दुमजली घर, रस्त्याकडे दोन दुकानं भाड्याने दिलेली. थोरले भाऊ त्या घरात राहतात. धाकटे पुण्याला, पण मागच्या एका खोलीला त्यांचं कुलूप. बहीण उज्जैनला. धाकट्यांनी दावा लावला : घराचा तिसरा हिस्सा प्रत्यक्ष वाटून द्या आणि दुकानांच्या मागच्या तीन वर्षांच्या भाड्याचा हिशोब द्या. वादपत्रात घराची किंमत १ कोटी २० लाख धरली आहे. थोरल्यांनी जवाबदाव्यात म्हटलं, वडिलांनी मृत्युपत्र केलंय, सगळं घर माझं. बहिणीने म्हटलं, मृत्युपत्र मला मान्य नाही, माझाही तिसरा हिस्सा काढा.

१४ मार्च २०२३ ला तडजोड झाली. कलमं अशी :

१. संपूर्ण घर थोरल्यांकडे. ते धाकट्यांना ३६ लाख रुपये देतील, १२ लाखांचे तीन हप्ते : ३० जून २०२३, ३१ डिसेंबर २०२३, ३० जून २०२४.
२. "किसी भी किश्त में चूक होने पर शेष संपूर्ण राशि एकमुश्त देय होगी और उस पर चूक दिनांक से ९ प्रतिशत वार्षिक ब्याज देय होगा।"
३. थोरल्यांच्या स्वतःच्या नावावर दुसऱ्या कॉलनीत एक भूखंड आहे. त्याचं नोंदणीकृत हस्तांतरण-पत्र ते ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत बहिणीला करून देतील, ताबा देतील, आणि त्यावरची पत्र्याची शेड त्याच तारखेपर्यंत काढतील.
४. धाकटे मागच्या खोलीची किल्ली ३१ जुलै २०२४ पर्यंत थोरल्यांना देतील. मागच्या भाड्याचा हिशोब मागणार नाहीत.
५. पूर्ण रक्कम दिल्याशिवाय थोरले घर विकणार नाहीत.
६. महालक्ष्म्या, नवरात्र आणि बाकीचा कुलधर्म थोरले त्याच घरात करतील, आणि भावाबहिणीला त्या दिवशी घरी यायला मज्जाव करणार नाहीत.
७. खर्च ज्याचा त्याने सोसावा.

कोणी काय सोडलं

आता डिक्री बाजूला ठेवा आणि वादपत्राचं शेवटचं पान काढा, जिथे सहायता, म्हणजे मागण्या लिहिलेल्या असतात. शेजारी जवाबदाव्यांतलं मुख्य म्हणणं ठेवा. मागितलं काय आणि मिळालं काय, यांतला फरक म्हणजे सोडलेलं. डिक्रीत तो फरक कोणी लिहून देत नाही. वर भाड्याच्या हिशोबाचा उल्लेख आला आहे खरा, पण तो अपवाद.

धाकट्यांनी प्रत्यक्ष हिस्सा मागितला होता, त्याऐवजी पैसे घेतले. म्हणजे वडिलांच्या घरातली जागा सोडली, मागच्या भाड्याचा हिशोब सोडला, आणि ज्या खोलीला कुलूप होतं तीही सोडली. वादपत्रातल्या किमतीचा तिसरा हिस्सा ४० लाख होतो आणि मिळणार ३६ लाख. हा ४ लाखांचा फरक सारांशात जरूर लिहा, पण "हा आपला हिशोब आहे, डिक्रीत नाही" असं सांगून लिहा. वादपत्रातली किंमत कोर्ट फीच्या हिशोबाने घातलेली असू शकते आणि बाजारभाव वेगळा असतो.

बहिणीने घरातला तिसरा हिस्सा सोडला आणि भूखंड घेतला. घरातून तिला एक रुपयाही नाही. हे एवढ्या स्पष्ट शब्दांत लिहा. "बहिणीलाही योग्य मोबदला मिळाला" असली वाक्यं सारांशात नकोत. योग्य की अयोग्य हे आपण ठरवायचं नाही.

थोरल्यांनी ३६ लाख आणि एक भूखंड द्यायचं कबूल केलं, आणि घर अखंड राखलं. आणि मृत्युपत्र? इथे नवी मुलं हमखास लिहितात, "थोरल्यांनी मृत्युपत्र खोटं असल्याचं मान्य केलं." तडजोडीत तसा एक शब्दही नाही. कोर्टाने मृत्युपत्राबद्दल काही ठरवलेलं नाही, कारण साक्षीपुरावा झालाच नाही. बरोबर वाक्य असं : "मृत्युपत्राच्या आधारे संपूर्ण घरावर एकट्याचा हक्क सांगणारा बचाव थोरल्यांनी पुढे चालवला नाही. मृत्युपत्र खरं की खोटं यावर निर्णय नाही." बचाव सोडणं आणि कबुली देणं यांत घरातल्या माणसांची अब्रू असते. वडिलांच्या सहीबद्दलचा वाद तुमच्या एका वाक्याने पुन्हा पेटू शकतो.

पैशाचं कलम

सोडलेल्याची बाजू झाली की प्रत्येक कलमाला पाच प्रश्न विचारा : कोणी करायचं, कोणासाठी, नेमकं काय, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर कोणत्या वाटेने. पाचांपैकी एकाचं उत्तर मजकुरात नसेल तर ते रिकामं सोडून "मजकूर गप्प आहे" असं लिहा. अंदाजाने भरू नका.

कलम १ आणि २ मध्ये पाचही उत्तरं आहेत. पैशाच्या डिक्रीची मुदत मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे १२ वर्षं, आणि ठरावीक तारखेला द्यायचे पैसे असतील तर ती चूक झाल्या तारखेपासून मोजायची. वसुली म्हणजे जप्ती आणि लिलाव. इथे थोरल्यांची दुकानं भाड्याने आहेत, त्यामुळे भाडेकरूंकडून येणारं भाडंही जप्त करता येतं. हे सारांशात मुद्दाम लिहावं, कारण घर लिलावात काढण्यापेक्षा ही वाट सौम्य आहे आणि सख्ख्या भावांमध्ये ती आधी सुचवता येते.

समजा पहिला हप्ता वेळेवर आला, आणि ३१ डिसेंबर २०२३ ला १२ ऐवजी ७ लाखच आले. चूक झाली. थकलेले ५ लाख आणि तिसऱ्या हप्त्याचे १२ लाख, असे १७ लाख त्या दिवशी एकदम देय झाले. ९ टक्क्यांनी वर्षाचं व्याज १ लाख ५३ हजार, महिन्याचं १२,७५०. पण थोरले म्हणतील, व्याज फक्त थकलेल्या ५ लाखांवर, म्हणजे वर्षाला ४५ हजार. कोणाचं बरोबर? सगळं "उस पर" या दोन शब्दांवर आहे. वाक्यात त्याच्या लगेच आधी "शेष संपूर्ण राशि" आहे, म्हणून १७ लाखांचं वाचन सरळ आहे. सारांशात जर "थकल्यास ९ टक्के व्याज" एवढंच लिहिलंत तर वर्षाला १ लाख ८ हजारांचा मुद्दा तुमच्या हातून पुसला गेला. मूळ शब्द अवतरणात ठेवायचे ते यासाठी.

उरलेलं सगळं एकदम देय होतं तेव्हा १२ वर्षंही सगळ्या रकमेसाठी पहिल्या चुकीपासून धरावीत. इथे ती डिसेंबर २०३५ अखेर संपतात. तिसऱ्या हप्त्याच्या मूळ तारखेपासून मोजून स्वतःला सहा महिने जास्त देऊ नका. आणि १२ वर्षं आहेत म्हणून निवांत बसण्यातही तोटा आहे : डिक्रीला दोन वर्षं उलटल्यावर दरखास्त केली तर आधी समोरच्याला नोटीस काढावी लागते, आणि तेवढ्यात माल हलवला जातो.

बाहेर दिलेले पैसे

पैसे कोर्टाबाहेर, बँकेतून, थेट भावाच्या खात्यात गेले तरी चालतं. पण ते कोर्टात नोंदवावे लागतात. डिक्रीदार स्वतः येऊन मिळाले म्हणून सांगू शकतो. तो येत नसेल तर पैसे देणाऱ्याने अर्ज करायचा, आणि त्याला ३० दिवसांची मुदत आहे. नोंद न झालेला भरणा दरखास्त चालवणारं कोर्ट विचारात घेत नाही. याचा फटका बसलेला मी पाहिला आहे. रोख पैसे घरच्या ओसरीवर मोजून दिले होते, चार नातेवाईक समोर होते, कागद एकही नव्हता. दोन वर्षांनी तीच रक्कम पुन्हा मागितली गेली. म्हणून सारांशात भरण्याचं एक कोष्टक ठेवाच : तारीख, रक्कम, कसे दिले, आणि "कोर्टात नोंद : होय / नाही". शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. वरच्या उदाहरणात तुम्ही थोरल्यांचं काम करत असाल तर ७ लाखांसमोर "नाही" दिसताच त्यांना त्याच दिवशी फोन करायचा.

भूखंडाचं कलम

कलम ३ वरवर सोपं दिसतं, पण त्यात तीन वेगळी कामं एका वाक्यात शिवली आहेत. सारांशात ती उसवून लिहा.

पहिलं, हस्तांतरण-पत्र. भूखंड मूळ दाव्याचा विषयच नव्हता. दावा घराचा होता. तरी तडजोडीत तो घेता येतो, कारण १९७६ च्या दुरुस्तीनंतर तडजोडीचा विषय दाव्याच्या विषयाशी तंतोतंत जुळलाच पाहिजे असं राहिलं नाही. पक्षकार तेच असले की पुरतं. प्रश्न नोंदणीचा. नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(६) प्रमाणे तडजोडीच्या डिक्रीला नोंदणीतून सूट आहे, पण दाव्याबाहेरची स्थावर मिळकत डिक्रीत आली तर ती सूट त्या मिळकतीला नाही. म्हणून शब्द पाहा. "भूखंड आज से प्रतिवादी क्र. २ का होगा" असं असतं तर डिक्रीच बहिणीला मालकी देते, आणि डिक्रीची नकल नोंदवावी लागली असती. त्यासाठी डिक्रीपासून चार महिन्यांचा अवधी असतो, आणि तो कोणाच्या लक्षात राहत नाही. आपल्या प्रकरणात "हस्तांतरण-पत्र करून देतील" असं आहे. म्हणजे मालकी पुढच्या दस्ताने जाणार, आणि नोंदणी त्या दस्ताची. थोरल्यांनी टाळाटाळ केली तर आदेश २१, नियम ३४ : बहीण दस्ताचा मसुदा कोर्टात देते, थोरल्यांना हरकत घ्यायची संधी मिळते, आणि तरीही सही झाली नाही तर त्यांच्या वतीने कोर्ट सही करतं. स्टॅम्प ड्यूटी कोणी भरायची? मजकूर गप्प आहे. हे ठळक लिहा, कारण भांडण इथेच होणार.

घराबद्दल ही अडचण नाही. घर दाव्यातच होतं आणि थोरल्यांचा त्यात आधीपासून हक्क होता. आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यातल्या एका जमिनीच्या प्रकरणात २०२४ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दाव्यातल्याच मिळकतीवरचा आधीचा हक्क तडजोडीच्या डिक्रीने नुसता पक्का होत असेल, तर नोंदणीही लागत नाही आणि त्या डिक्रीवर स्टॅम्प ड्यूटीही नाही. मात्र आपल्या प्रकरणात पैसे देऊन दुसऱ्यांचे हिस्से घेतले आहेत, त्यामुळे हा निकाल जसाच्या तसा चिकटवू नका. "वकिलांनी तपासावं" अशी खूण करून पुढे जा.

दुसरं काम ताब्याचं. तो दरखास्तीने मिळतो, आदेश २१, नियम ३५, मुदत १२ वर्षं.

तिसरं, पत्र्याची शेड काढणं. हे एखादी गोष्ट करायला लावणारं, म्हणजे आज्ञार्थक मनाई हुकमासारखं कलम आहे, आणि त्याला अनुच्छेद १३५ ची फक्त ३ वर्षं, ठरलेल्या तारखेपासून. म्हणजे ३० सप्टेंबर २०२६. त्याच वाक्यातल्या भूखंडाला २०३५ पर्यंत वेळ आणि त्यावरच्या शेडला २०२६. एकच तारीख लिहून मोकळं झालं तर शेडचा हक्क बुडतो. ताब्याच्या दरखास्तीत शेडही निघेल असा युक्तिवाद करता येईल, पण त्या भरवशावर मुदत सोडू नये. शेड कोणी हलवत नसेल तर कोर्ट ती दुसऱ्याकडून काढवून खर्च थोरल्यांकडून वसूल करू शकतं.

खोलीची किल्ली

धाकटे फोनवर ठामपणे सांगतील, "पैसे पूर्ण मिळाले की किल्ली." कलम ४ वाचा. त्यात "पैसे मिळाल्यावर" हे शब्द नाहीत. तारीख आहे, ३१ जुलै २०२४, जी शेवटच्या हप्त्यानंतर महिनाभराने येते. बोलणी करताना सगळ्यांच्या मनात ती अट असणार, पण कागदावर ती उतरली नाही. सारांशात लिहा : "किल्ली पूर्ण भरण्याशी जोडलेली असल्याचं मजकुरात नाही. धाकट्यांचा समज तसा आहे." दरखास्त चालवणारं कोर्ट डिक्रीच्या मागे जाऊन बोलणी तपासत नाही. जे लिहिलंय ते राबवतं.

विकणार नाही, आणि महालक्ष्म्या

कलम ५ मनाईचं आहे. ते मोडलं तर आदेश २१, नियम ३२ खाली मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद. पण त्याने घरावर बोजा चढत नाही. "ही रक्कम घरावर बोजा राहील" असं वाक्य असतं तर धाकट्यांची बाजू किती तरी भक्कम झाली असती. ते नाही, एवढं सारांशात नोंदवा.

इथे आदेश पत्रिका कामाला येते. त्या दिवशीच्या नोंदीत असं वाक्य आहे समजा : "प्रतिवादी क्र. १ ने न्यायालय के समक्ष वचन दिया कि राशि चुकाए बिना मकान विक्रय नहीं करेगा।" कोर्टाला दिलेलं हे वचन डिक्रीत नाही, पण फार मोलाचं आहे. नुसत्या तडजोडीच्या डिक्रीचा भंग म्हणजे कोर्टाचा अवमान होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ सालीच स्पष्ट केलं. त्यासाठी कोर्टाला दिलेलं स्पष्ट वचन लागतं. ते वचन इथे आहे. म्हणून कलम ५ समोर दोन वाटा लिहा : दरखास्त, आणि अवमानाचा अर्ज, ज्याला एकच वर्षाची मुदत आहे. कलम १ च्या पैशांबद्दल असं वचन नाही, तिथे अवमानाची धमकी देऊ नये. माझ्या सुरुवातीच्या काळात मी एका सारांशात आदेश पत्रिका पाहिलीच नव्हती. वचन त्यात होतं, घर विकलं गेलं, आणि वर्ष उलटून गेल्यावर ते वाक्य सापडलं. तेव्हापासून मी डिक्रीच्या आधी आदेश पत्रिका वाचते.

कलम ६ नीट दोन तुकड्यांत घ्या. "कुलधर्म करतील" हे कोर्ट राबवू शकत नाही. मुखवटे कधी बसवायचे, किती सवाष्णी जेवायला, यावर बेलिफ पाठवता येत नाही. पण "यायला मज्जाव करणार नाहीत" हे मनाईचं वाक्य आहे, आणि दाराशी अडवलं तर त्यावर नियम ३२ चा अर्ज होऊ शकतो. सवाल एवढाच की "त्या दिवशी" म्हणजे महालक्ष्म्यांचे तीनही दिवस की फक्त जेवणाचा. मजकूर गप्प आहे. हे कलम बहुतेक सारांशांत "भावनिक, लागू नाही" असं लिहून उडवलेलं दिसतं. ज्या बहिणीने घरातला हिस्सा सोडला, तिच्यासाठी हेच कलम मोठं असतं. त्याला पूर्ण ओळ द्या.

जुळवून पाहणं, आणि डिक्री उलटते का

सगळं लिहून झालं की तडजोडीचा अर्ज आणि डिक्री शेजारी ठेवून ओळीन् ओळ बोट फिरवा. टंकताना भूखंडाचा क्रमांक बदलतो, एखादं कलम गळतं, २०२३ चं २०२४ होतं. ही लेखनाची चूक असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच कोर्टात अर्ज करून दुरुस्त होते. ती दरखास्तीच्या आधी करून घ्यावी.

"मला फसवून सही घेतली" असं पुढे कोणी म्हणालं तर? संमतीच्या डिक्रीवर अपील नाही, संहितेचं कलम ९६(३). वेगळा दावाही लावता येत नाही, आदेश २३, नियम ३-क. ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली त्याच कोर्टात जाऊन ती कायदेशीर नव्हती असं सांगावं लागतं. सारांशात यावर दोन ओळी पुरतात. जे पक्षकारच नव्हते, उदाहरणार्थ दुकानांचे भाडेकरू, त्यांना या डिक्रीतलं काहीही बांधत नाही.

तयार सारांश

दरखास्तीच्या अर्जात डिक्रीची तारीख, आतापर्यंतचा भरणा, आधीचे अर्ज, येणं रक्कम व्याजासह, आणि कोणत्या पद्धतीने वसुली हवी, हे रकाने असतात. सारांश त्याच क्रमाने संपवला तर वकिलांना पुन्हा सगळी फाईल उघडावी लागत नाही. वरच्या प्रकरणात, ३१ डिसेंबर २०२४ ची स्थिती धरून, धाकट्यांसाठी शेवटचा भाग असा होईल :

"डिक्री १४ मार्च २०२३, तडजोडीने. अपील नाही. आधीची दरखास्त नाही. मिळाले १९ लाख : ३० जून २०२३ ला १२ लाख, कोर्टात नोंद आहे, ३१ डिसेंबर २०२३ ला ७ लाख, बँकेतून, कोर्टात नोंद नाही, आपण मिळाल्याचं मान्य करतो. येणं १७ लाख, कलम २ च्या 'उस पर' या शब्दांच्या सरळ वाचनाप्रमाणे एका वर्षाचं व्याज १ लाख ५३ हजार, एकूण १८ लाख ५३ हजार. समोरचे व्याज फक्त ५ लाखांवर, म्हणजे ४५ हजार, असं म्हणतील. सुचवलेली वाट : आधी दुकानांच्या भाड्याची जप्ती, मग घर. बोजा लिहिलेला नाही. घर न विकण्याचं वचन आदेश पत्रिकेत आहे. मुदत डिसेंबर २०३५ अखेर. आपलं उरलेलं काम : मागच्या खोलीची किल्ली, तारीख ३१ जुलै २०२४ उलटून गेली आहे, दिलेली नाही. समोरून याच मुद्द्यावर हरकत येईल. दरखास्तीआधी वकिलांशी बोलून ठरवावं."

शेवटची तीन वाक्यं आपल्या पक्षकाराला आवडणार नाहीत. तरी ती त्याच कागदावर, त्याच आकाराच्या अक्षरात लिहायची.